तीनदा सांगायची गोष्ट

"मानवी संस्कृतीच्या प्रदीर्घ वाटचालीत, ज्या काळात माणसाने प्रथम अग्नीवर, मग धातूवर आणि अखेरीस, अंशतः का होईना, स्वतःवर नियंत्रण मिळवलं, त्या काळापासून आजतागायत, सत्ता, संपत्ती आणि शस्त्र या तिन्हींना पुरून उरलेला शब्द, आणि केवळ शब्दच, ज्याने, वर नमूद केलेल्या..."

इथे संपादकांचा श्वास संपला.

वाक्य संपलं नव्हतं. क्रियापद पुढच्या पानावर होतं, आणि पानं एकमेकांना टाचलेली होती. ती उलटताना माइकमध्ये असा आवाज झाला की काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने हेडफोन कानावरून काढून हातात धरले आणि ते फुटलेत का पाहिलं.

"सर," कार्यक्रमाच्या निर्माती बाई बटण दाबून म्हणाल्या, "वर कुठे?"

"काय वर कुठे?"

"वर नमूद केलेल्या म्हणालात. रेडिओला वर नसतं. खालीही नसतं. जे बोलून झालं ते गेलं."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. एका दैनिकाचे अग्रलेख त्यांनी जन्मभर लिहिले होते. निवृत्त झाले तरी गल्लीत सगळे त्यांना संपादकच म्हणत. खुद्द दूधवालाही बिलावर तेच लिही. त्यांचं एक वाक्य पहिल्या रकान्यात सुरू होऊन दुसऱ्यात संपे आणि वाचकांना त्याचा अभिमान वाटे. पहिल्या रकान्यात काय होतं हे विसरलेला वाचक मान वर करून पुन्हा वाचून घेई. आता या फोम लावलेल्या, घड्याळाची टिकटिकही गिळणाऱ्या खोलीत त्यांना कुणीतरी सांगत होतं की मान वर करायला जागाच नाही.

या निर्माती बाईंना बोलायला येणारी सगळी माणसं पाठीमागे कात्रीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. सकाळचं पाच मिनिटांचं भाषण त्यांच्या हाताखालून जाई: आधी रेडिओवर, मग तेच दिवसभर पॉडकास्ट म्हणून लोकांच्या फोनवर. संपादकांना त्यांनी स्वतः बोलावलं होतं. लहानपणी बाईंच्या वडिलांनी त्यांना शुद्धलेखनासाठी हेच अग्रलेख उतरवून घ्यायला लावले होते. हा सूड होता की आदर, हे संपादकांना शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.

"टाचणी काढा," कात्रीबाई म्हणाल्या. "सुटी पानं, एकाच बाजूला लिहिलेली. वाचून झालं की बाजूला सरकवायचं, उलटायचं नाही. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर न्यायचं नाही. कंस नको. कंस ऐकू येत नाही."

"अवतरणचिन्ह?"

"तेही नाही. आधी कोण म्हणालं ते सांगा, मग काय म्हणालं ते. 'अनुक्रमे' तर मुळीच नको. चार नावं आणि चार गावं सांगून 'अनुक्रमे' म्हटलंत तर ऐकणारा जोड्या लावत बसतो आणि तुम्ही पुढे निघून जाता."

"म्हणजे बालवाडी."

"बालवाडीत मुलं समोर तरी बसलेली असतात, सर. इथे ऐकणारा भांडी घासतोय. त्याने नळ सोडला की तुमचं अर्धं वाक्य वाहून जातं. म्हणून वाक्य लहान. महत्त्वाचं ते पुन्हा. आणि कुठे चाललोय ते आधी सांगायचं. 'दोन गोष्टी सांगतो. पहिली ही.' मग, 'आता दुसरी.' रस्त्यावर पाटी असते ना, तशी."

"पण पॉडकास्ट मागे नेता येतो म्हणे."

"येतो. हात पिठात असताना कोण नेतं?"

संपादकांनी टाचणी काढून खिशात टाकली. पिठात हात असलेलं एकच माणूस त्यांच्या ओळखीचं होतं आणि ते सध्या दुसऱ्या शहरात होतं.

त्या म्हणजे त्यांच्या पत्नी, गल्लीच्या काकू. लेकीचं बाळंतपण होतं म्हणून काकू गेल्या. "दोन महिने," असं म्हणून गेल्या. बाळ पालथं पडलं, बसलं, उभं राहिलं आणि आता टेबलावरच्या वस्तू ओढून खाली पाडू लागलं, तरी ते दोन महिने चालूच होते. लेक आणि जावई दोघंही नोकरीवर. बाळाला आजीच्या कडेची सवय. संपादक मध्यंतरी तिकडे राहून आले होते. घर लहान. त्यांचं अंथरूण बैठकीत, सोफ्यासमोर. सकाळी सगळे त्यांना ओलांडून जात. चौथ्या दिवशी बाळानेही त्यांना ओलांडलं, तेव्हा "इथे मला लिखाण सुचत नाही" असं सांगून ते परत आले. लिखाण तेव्हा काहीच चालू नव्हतं.

परत ये, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. येत नाही, असं काकू कधी म्हणाल्या नाहीत. रोज संध्याकाळी फोन होई.

"औषध घेतलंत?"

"घेतलं."

"जेवलात?"

"जेवलो. बाळ?"

"झोपलंय. ठेवते."

एवढ्यात एकही उपवाक्य बसत नसे.

अग्रलेखाचं भाषण काही झालं नाही. कात्रीबाईंनी ते नम्रपणे परत दिलं आणि दुसरा विषय दिला: घरातली शांतता. "तुम्हाला जमेल," त्या म्हणाल्या. "आणि सर, सगळ्या जगासाठी लिहू नका. एक माणूस डोळ्यांसमोर ठेवा. त्याच्याशी बोला."

संपादकांनी एक माणूस डोळ्यांसमोर ठेवलं. ठेवायला फारसं शोधावं लागलं नाही.

आणि हट्टी माणूस एकदा शिकायला बसला की सोडत नाही. लहान वाक्यं त्यांना जमली. मोठ्याने वाचून पाहायचं, दम लागला की तिथे पूर्णविराम ठेवायचा, हेही जमलं. पुनरुक्ती तर इतकी जमली की ते खूष झाले. तीन परिच्छेद लिहिले आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच शब्द घातले.

"चष्मा जिथे ठेवला तिथे सापडतो. पेपरवर आधी कुणी शब्दकोडं सोडवून ठेवलेलं नसतं. घर शांत आहे. किती बरं आहे."

"दिवा चालू ठेवून गेलो, तर परत येईपर्यंत चालूच. मागून कुणी बंद करत नाही. कुणी बोलत नाही. घर शांत आहे. किती बरं आहे."

तिसऱ्या परिच्छेदात टॉवेल होता. ओला टॉवेल पलंगावर टाकला, तर तो पलंगावरच राहतो. घर शांत आहे. किती बरं आहे.

आणि मग, अगदी शेवटी, अग्रलेखात ते जसं वळण घेत तसं वळण. "चष्मा जिथे ठेवला तिथे सापडतो. कारण तो हलवणारं कुणी नाही. ही शांतता नव्हे. याला रिकामं घर म्हणतात."

कात्रीबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, "पाटी कुठाय?"

"कसली?"

"हे सगळं उपहासाने चाललंय, याची. सुरुवातीला एक वाक्य टाका. 'एकटं राहण्याचे फायदे सांगतो, शेवटपर्यंत ऐका.' असं काहीतरी. लोक दुकानात शिरतात तसे मधूनच शिरतात आणि मधूनच निघतात. तुमचं खरं म्हणणं मागच्या खोलीत ठेवलंय तुम्ही."

"बाई, आधीच सांगितलं की मी कोपऱ्यावर वळणार आहे, तर वळण्यात मजा काय राहिली?"

"आणि जे खरं आहे ते एकदाच म्हटलंत. खोटं तीनदा."

"म्हणूनच त्याला धार आहे."

कात्रीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. वडिलांनी उतरवून घ्यायला लावलेल्या अग्रलेखांचा दाब कधीकधी असा अवेळी पडतो. "बरं," त्या म्हणाल्या. "जसं आहे तसं."

भाषण सकाळी लागलं. संपादकांनी ते स्वयंपाकघरातल्या रेडिओवर उभ्याने ऐकलं. आपला आवाज त्यांना आपल्या थोरल्या भावासारखा वाटला, जो त्यांना कधीच आवडला नव्हता. बाकी सगळं ठीक होतं. वळणावर त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. इथे लोकही हातातलं काम थांबवतील, असं त्यांना वाटलं.

पहिले आले ते शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. दारातच त्यांनी संपादकांचा हात धरून गदगदा हलवला.

"संपादक, मनातलं बोललात! किती बरं आहे! अहो, मी हिला आजच म्हणालो, तूही महिनाभर जा कुठेतरी."

"शेवट ऐकलात का पण?"

"शेवटी काय होतं? मी आंघोळीला गेलो."

पोस्टमास्तरांची बायको गॅलरीतून म्हणाली, "मी ऐकलं सगळं. छान बोलता हो तुम्ही. पण आमच्या ह्यांना असली भाषणं ऐकवू नका." तिला बाकी काय लक्षात राहिलं, हे विचारलं तर तीही म्हणाली, "किती बरं आहे."

इस्त्रीवालाही तेच म्हणाला. फोनवर एक जुने सहकारी म्हणाले, "वा, स्वातंत्र्य मानवलंय तुम्हाला!" दुपारपर्यंत संपादकांना कळून चुकलं की त्यांचं पूर्ण भाषण कुणीच घरी नेलेलं नाही. लोकांनी तीनदा ऐकलेले शब्द तेवढे नेले होते.

तरी त्यांचा जीव एकाच ठिकाणी होता. संध्याकाळी फोन वाजला. लेक होती.

"बाबा, ऐकलं आईने तुमचं."

"हो का?" संपादकांनी आवाज साधा ठेवला. "काय म्हणाली?"

"तिने फोन बरणीला टेकवून ठेवला होता. मी निघत होते ऑफिसला. म्हणाली, बरं झालं बाई, लागलं तुझ्या बाबांचं मन. उगाच मला टोचणी होती."

संपादक पलंगावर बसले. ओल्या टॉवेलवर बसले, पण ते त्यांना नंतर कळलं.

"शेवट... शेवट ऐकला का तिने?"

"बाळ उठलं मध्येच. का, काय होतं शेवटी?"

"काही नाही. एक वळण होतं."

"बरं, बाबा, ते जाऊ दे. पाळणाघरात बाळासाठी जागा धरून ठेवलीय ना आम्ही, त्यांना शुक्रवारी सांगायचंय, हवी की सोडतोय. आई म्हणते, सोड. ती राहील म्हणते. बाळ शाळेत जाईपर्यंत. मलाही बरंच आहे, खोटं कशाला बोलू. पण तुम्हाला चालेल ना? तुम्हाला आई तिकडे हवी आहे का? सरळ सांगा."

सरळ. संपादकांनी श्वास घेतला.

"हे बघ, प्रश्न माझ्या इच्छेचा नसून, एखाद्या व्यक्तीच्या निर्णयस्वातंत्र्यावर, विशेषतः ते तिने आयुष्यभर इतरांच्या सोयीसाठी मर्यादित ठेवलेलं असताना, आपल्या अपेक्षांचं ओझं लादणं कितपत..."

"बाबा, मला मीटिंग आहे. शुक्रवारी बोलू."

त्या संध्याकाळी काकूंशीही बोलणं झालं. संपादकांनी मनाशी ठरवलं होतं, आज बोलायचं.

"औषध घेतलंत?"

"घेतलं. अगं..."

"जेवलात?"

"जेवलो. मी म्हणत होतो..."

"ऐकलं हो मी तुमचं. छान झालं. बाळ रडतंय, ठेवते."

ठेवला. तिकडे खरंच कुणीतरी रडत होतं. संपादकांनी फोन जिथे होता तिथे ठेवला. तो तिथेच राहणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न बोलावता रेडिओ केंद्रात जाऊन बसले. कात्रीबाई कुणाचं तरी मधमाश्यांवरचं भाषण कापत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आणखी एक भाषण हवंय मला," संपादक म्हणाले. "शुक्रवारच्या आत."

"विषय?"

"तोच. उलट बाजूने."

कात्रीबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. "कुणाला ऐकवायचंय, सर?"

"श्रोत्यांना."

"अच्छा. ते श्रोते फोन घेत नाहीत का?"

"घेतात. पण फोनवर मला औषध घेतलं का विचारतात, आणि मी घेतलं म्हणतो. त्या साच्यात दुसरं काही घालायला जागा नसते. आणि मला..." ते थांबले. "मला माइकसमोर बोलता येतं. आता येऊ लागलंय. समोर कुणी नसलं की."

कात्रीबाईंनी मधमाश्यांचं भाषण बाजूला सारलं. खोलीत कॉफीचं यंत्र घरघरलं.

"रेडिओ म्हणजे टेलिफोन नव्हे," त्या शेवटी म्हणाल्या. "कुणाला निरोप द्यायला मी पाच मिनिटं देऊ शकत नाही. पण एकाच माणसाशी बोला, असं तर मी सगळ्यांनाच सांगते. नाव घ्यायचं नाही. नातं सांगायचं नाही. भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे की त्याच्याशीच बोलताय. जमेल?"

"जमवतो."

"आणि या वेळी पाटी. दारातच."

घरी येऊन ते लिहायला बसले. लिहिलं ते मोठ्याने वाचलं, आता तशी सवयच लागली होती. वाचता वाचता थांबले. वाक्य संपलं होतं, आणि त्यानंतर काहीतरी यायला हवं होतं, ते येत नव्हतं.

मग त्यांना आठवलं. जन्मभर ते प्रत्येक अग्रलेख स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचून दाखवत. काकूंची पाठ त्यांच्याकडे असे. त्या कधी वळून बघत नसत. फक्त "हं" म्हणत. कळलं की आखूड. पटलं नाही की लांब. आणि वाक्य फार लांबलं की मुळीच नाही. नुसता भांड्यांचा आवाज वाढे. अशा वेळी ते खोलीत परत जाऊन वाक्य तोडून आणत. आपण वाक्यं तोडायला कात्रीबाईंकडे शिकलो, असं ते समजत होते. ते खरं नव्हतं. आधीही कुणीतरी तोडून घेत होतं. त्याला कात्री लागत नव्हती.

त्यांनी दारात उभं राहून एक वाक्य वाचलं. ओट्याकडे पाहिलं. ओटा स्वच्छ होता. फार स्वच्छ होता.

बुधवारी कात्रीबाईंनी मसुदा हातात घेतला.

"'माणसाला सोबतीची आवश्यकता भासते,'" त्यांनी वाचलं. "कुणाला भासते?"

"माणसाला."

"कुठल्या?"

"सर्वसाधारण माणसाला."

"तो भांडी घासतोय, सर. त्याला सर्वसाधारण माणूस भेटलेला नाही. कुणाला भासते?"

तंत्रज्ञाने काचेपलीकडे उगाचच एक बटण फिरवलं.

"मला," संपादक म्हणाले.

"मग तसं लिहा. आणि 'आवश्यकता भासते' काढा. तुम्ही घरी असं बोलता?"

"घरी मी बोलतच नाही," संपादक म्हणाले. "तीच तर..."

"तेही लिहा."

त्यांनी तिथेच, स्टुडिओबाहेरच्या बाकावर बसून लिहिलं. सुटी पानं, एकाच बाजूला. कात्रीबाईंनी दोन शब्द कापले आणि एक वाक्य, जे मधे एकदा होतं, ते वर आणि खाली आणखी एकेकदा लिहिलं. मग लाल दिवा लागला. संपादक पाणी प्यायले. काचेपलीकडे दोन माणसं होती आणि दोघंही "हं" म्हणणार नव्हती.

"नमस्कार," ते म्हणाले. "आज एकच गोष्ट सांगणार आहे. ती आत्ताच सांगून टाकतो. म्हणजे दूध उतू जात असेल, मूल रडत असेल, तर तुम्ही जायला मोकळे. ती गोष्ट अशी. मला घरात माणूस हवं आहे.

"आता हे मला कसं कळलं, ते सांगतो. मागे मी म्हणालो होतो, घर शांत आहे, किती बरं आहे. ते खोटं होतं. थट्टेत म्हणालो होतो. थट्टा नीट झाली नाही. चूक माझी.

"खरं काय ते सांगतो. मी मोठ्याने वाचतो. सवय आहे. पूर्वी मी वाचायचो आणि घरातून कुणीतरी हं म्हणायचं. एवढंच. हं. वळून बघायचं नाही. कौतुक करायचं नाही. हं म्हणायचं. मला वाटायचं, माझं लिहिणं चांगलं आहे म्हणून ते चांगलं लागतं. तसं नव्हतं. पलीकडे हं होता, म्हणून ते चांगलं लागायचं.

"आता मी वाचतो. वाक्य संपतं. मी थांबतो. हं येत नाही. मग मी पुढचं वाक्य वाचतो. पण खरं सांगू? मी अजून मागच्याच वाक्यापाशी उभा असतो. मला घरात माणूस हवं आहे.

"तुम्ही विचाराल, मग सांगितलं का नाही? हा शेवटचा मुद्दा. मला सांगता येत नाही. मला लिहिता येतं. फार मोठं लिहिता येतं. इतकं मोठं, की त्यात ही गोष्ट हरवते. तिच्यावर बाकीची वाक्यं येऊन बसतात. म्हणून आज बाकीची वाक्यं आणली नाहीत.

"आता निघतो. निघताना तीच गोष्ट पुन्हा सांगतो. जे आत्ताच आले असतील, त्यांच्यासाठी. मला घरात माणूस हवं आहे. नमस्कार."

लाल दिवा विझला. भाषण ठरल्यापेक्षा बरंच आखूड झालं होतं. कात्रीबाईंनी बटण दाबलं, सोडलं. मग पुन्हा दाबलं.

"उरलेल्या वेळात वाद्यसंगीत लावू," त्या म्हणाल्या.

गुरुवारी ते लागलं. संपादकांनी या वेळी रेडिओ लावला नाही. गच्चीवर जाऊन उगाच पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं. टाकीत पाणी होतं. खाली आले, तर पोस्टमास्तर जिन्यात भेटले. त्यांनी या खेपेला हात हलवला नाही. नुसते म्हणाले, "हिची पिशवी भरून झाली होती. मी रिकामी करायला लावली," आणि नजर चुकवून आपल्या दारात शिरले.

फोन वाजत नव्हता. सकाळ गेली. संपादकांनी जेवण केलं, आणि ओल्या हातानेच तीनदा फोन चालू आहे का पाहिलं. आज संध्याकाळी "औषध घेतलंत?" एवढंच आलं, तर उद्या शुक्रवार. मग पाळणाघरातली जागा गेली, आणि बाळ शाळेत जाईपर्यंत हा स्वच्छ ओटा. त्यांनी आयुष्यात कितीतरी सरकारांना मुदती दिल्या होत्या. मुदत दुसऱ्या बाजूने कशी दिसते, ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुपारी फोन आला. काकू. ही त्यांची वेळ नव्हती.

"अहो."

"हो."

"ऐकलं मी."

"किती?"

"सगळं. बाळ उठलं होतं. कडेवर घेऊन ऐकलं. रडलं तर त्याच्या हातात चमचा दिला."

मागे कुठेतरी चमचा आपटल्याचा आवाज आला.

"लोक काय म्हणतील," काकू म्हणाल्या. "एवढं तीन-तीनदा सांगायचं काय?"

"रेडिओवर तसंच सांगावं लागतं. म्हणजे मधून येणाऱ्यालाही कळतं."

"मी काही मधून आलेली नाही."

"नाही."

"घरी एकदा सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

संपादकांकडे यावर एक वाक्य तयार होतं. त्यात दोन 'जरी' होते आणि एक 'तथापि', आणि ते खरंच चांगलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. ओट्याकडे पाहिलं.

"ये," ते म्हणाले.

पलीकडे चमचाही थांबला होता. संपादकांना वाटलं, फोन तुटला. त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा लावला.

"लेकीला सांगितलंय मी," काकू म्हणाल्या. आवाज जरा घोगरा होता. "पाळणाघराची जागा सोडू नकोस म्हणून. बाळ रुळेपर्यंत राहते, मग निघते. ती तोंड फुगवून बसलीय, बसू दे. तिच्या बाबांवर गेलीय, चार दिवस बोलणार नाही."

"अगं, मी काय म्हणतो..."

"अहो, ते नंतर. आधी एक करा. बैठकीतले पडदे काढा आणि धुवायला टाका. आणि पांढऱ्या कपड्यांबरोबर टाकू नका."